मोबदल्याचा पैसा आणि दीड टक्क्याचा रोखा

वणीकडे कोळशाच्या खाणीत वावर गेले, वर्धा-वाशीमकडे समृद्धी महामार्गात गेले, भंडाऱ्याकडे गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेले. गेल्या काही दशकांत विदर्भातल्या हजारो कुटुंबांनी जमीन देऊन रक्कम घेतली. त्या रकमेतून कुणी घर बांधले, कुणी मुलीचे लग्न केले, कुणी दुसरीकडे वावर घेतले. उरलेला पैसा बहुतेकांनी बँकेत मुदत ठेवीत टाकला आणि व्याजावर घर चालवायला सुरुवात केली. जमीन ही पिढ्यान्‌पिढ्या महागाईबरोबर वाढणारी मालमत्ता होती. तिच्या बदल्यात सरकारने हातात दिले ते मात्र महागाईसमोर उघडे पडणारे रुपये. माझे म्हणणे सरळ आहे. ज्या सरकारने ही अदलाबदल घडवली, त्यानेच या लोकांना मुद्दल महागाईप्रमाणे वाढवून देणारा रोखा घेण्याची सोय द्यायला हवी. तो रोखा गावच्या खर्चाशी मिळणाऱ्या निर्देशांकाला बांधलेला असावा, आणि त्याचा खरा परतावा किती हे घेणाऱ्याला कागदावर स्पष्ट दिसायला हवे.

मी तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवतो, त्यामुळे ठेवीच्या पावत्या घेऊन लोक घरी येतात. अशाच एका काकांना मी या रोख्याबद्दल सांगत होतो. मोबदल्याचे दहा लाख त्यांनी सात टक्क्यांनी ठेवले आहेत. ते म्हणाले, "गुरुजी, बँक सात टक्के देते अन् तुमचा रोखा दीड टक्का. मंग हा रोखा कोन घेईन?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांत दिले नाही तर बाकीचे सगळे बोलणे हवेत राहते.

काकांना वर्षाला ७० हजार व्याज येते आणि ते सगळे घरात खर्च होते. महागाई सहा टक्के धरू. रिझर्व्ह बँकेच्या महागाई लक्ष्याची ती वरची कड आहे, म्हणजे अघटित काही धरलेले नाही. यंदा दहा लाखांत जे येते तेच पुढच्या वर्षी घ्यायला १० लाख ६० हजार लागतील. म्हणजे मुद्दलाची ताकद टिकवायची तर ७० हजारांतले ६० हजार परत ठेवीत टाकायला हवेत. खरे व्याज उरले दहा हजार. काका ६० हजार रुपये व्याज समजून खर्च करतात, पण ते मुद्दलच आहे. असे दहा वर्षे चालले तर शेवटी पावतीवर दहा लाखच दिसतील. आजच्या हिशेबात मात्र ते साडेपाच लाखांच्या थोडे वर असतील.

आता दीड टक्क्याचा महागाई-बद्ध रोखा घ्या. त्याचे कूपन, म्हणजे ठरलेले व्याज, दीडच टक्का असते, पण ते वाढत्या मुद्दलावर मोजले जाते. त्याच सहा टक्के महागाईत पहिल्या वर्षाअखेर दहा लाखांचे मुद्दल १० लाख ६० हजार होते आणि दीड टक्क्याने १५,९०० रुपये मिळतात. दहाव्या वर्षाअखेर मुद्दल १७ लाख ९० हजारांच्या आसपास गेलेले असते आणि त्या वर्षीचे व्याज २६ हजार ८०० च्या पुढे असते. मुदत संपली की ते वाढलेले मुद्दल हातात पडते. ठेवीचे सात टक्के आणि रोख्याचे दीड टक्के हे दोन आकडे शेजारी मांडता येत नाहीत. सातात महागाईची भरपाई आधीच मिसळलेली आहे, दीडात ती नाही, ती मुद्दलात वेगळी जमा होते. तुलना करायची तर १.०७ ला १.०१५ ने भागा. उत्तर येते १.०५४. म्हणजे महागाई सरासरी ५.४ टक्क्यांच्या वर राहिली तर रोखा सरस, खाली राहिली तर ठेव सरस. महागाई चारच टक्के राहिली तर ठेवीचा खरा परतावा जवळजवळ २.९ टक्के पडतो आणि रोखा मागे राहतो. रोखा नेहमीच जास्त देतो, असे मी म्हणत नाही. महागाई किती येणार हे काकांना ठाऊक नाही, मलाही नाही, आणि ती जोखीम म्हातारपणी त्यांच्या डोक्यावर नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

रोखा पहिल्या दिवशी दर्शनी किमतीला घेतला तर कूपन हाच खरा परतावा. पण मधेच, बाजारात, कमी-जास्त भावाने घेतला तर तो मोजावा लागतो. तिथे शिकलेली माणसेही अडखळतात, म्हणून एक उदाहरण नीट सोडवून दाखवतो. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, पद्धत खरी आहे.

दहा वर्षांचा, दहा हजार दर्शनी किमतीचा, दीड टक्का कूपनचा रोखा. व्याज १६ जून आणि १६ डिसेंबरला. निघाला त्या दिवशी त्याचा संदर्भ निर्देशांक १५० होता. आज सहा वर्षे झाली, तारीख १६ जून, चार वर्षे बाकी. पहिले काम आजचा संदर्भ निर्देशांक काढणे. वर्तमानपत्रात आज छापून आलेला महागाईचा दर इथे कामाचा नाही. दर म्हणजे वर्षभरातली टक्केवारी, आपल्याला हवा आहे निर्देशांकाचा मूळ आकडा, आणि तोही मागच्या महिन्यांचा. आकडे जाहीर व्हायला वेळ लागतो म्हणून करारातच काही महिन्यांचे अंतर ठेवलेले असते. अंतर तीन महिन्यांचे धरले तर १ जूनसाठी मार्चचा निर्देशांक लागू होतो आणि १ जुलैसाठी एप्रिलचा. मधल्या तारखांना दोन्हींमधला फरक दिवसांप्रमाणे वाटून घ्यायचा. मार्च १९४.४ आणि एप्रिल १९५.६ असेल तर १६ जूनपर्यंत तीसपैकी पंधरा दिवस झाले, म्हणून १.२ चा निम्मा ०.६ मिळवून १९५.० आला. १९५ ला १५० ने भागले की १.३०. हे निर्देशांक गुणोत्तर. मुद्दल आता तेरा हजार आहे, आणि पुढे महागाई थांबली असे धरले तर दर सहा महिन्यांनी त्यावर ०.७५ टक्के म्हणजे साडेसत्त्याण्णव रुपये मिळतील.

बाजारात भाव सांगितला ९५. हा भाव महागाई बाजूला ठेवून सांगितलेला, दर शंभर दर्शनी रुपयांमागचा आहे. खिशातून जातात ९५ गुणिले १.३०, म्हणजे १२३ रुपये ५० पैसे. दहा हजारांच्या रोख्याला १२,३५० रुपये. व्याजाच्या तारखेलाच व्यवहार होतो म्हणून साचलेले व्याज वेगळे द्यायचे नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. एक जण म्हणतो, १२,३५० देऊन मुदतीअखेर दहा हजार मिळणार, हा तोट्याचा सौदा. तो वाढलेले मुद्दल विसरला. दुसरा म्हणतो, वर्षाला १९५ रुपये मिळतात, १२,३५० ने भागले की १.५८ टक्के, झाला परतावा. तो ९५ ला घेतलेल्या मालाचे पुढे शंभर होणार हे विसरला.

बरोबर रीत अशी की दोन्ही बाजूंनी १.३० काढून टाकायचे. आज दिलेली किंमत १.३० पट आहे, आणि पुढे येणारी प्रत्येक रक्कम, आजच्या रुपयांत मोजली तर, १.३० पटच आहे. दोन्ही बाजूंचा समान गुणक कटतो. उरते एवढेच की आज ९५ द्यायचे, दर सहा महिन्यांनी ०.७५ असे आठ वेळा घ्यायचे आणि शेवटी १०० घ्यायचे. कोणत्या दराने हे समीकरण जुळते तो खरा परतावा. मोबाइलमधल्या एक्सेलसारख्या कुठल्याही तक्त्यात एका ओळीत येतो:

```
=RATE(8, 0.75, -95, 100)*2
```

उत्तर २.८३ टक्के. तक्ता हाताशी नसेल तर कागदावरही जमते. वर्षाचे कूपन १.५, त्यात चार वर्षांत मिळणाऱ्या पाच रुपयांचा वार्षिक वाटा १.२५ मिळवा, बेरीज २.७५. तिला ९५ आणि १०० यांच्या सरासरीने म्हणजे ९७.५ ने भागा. २.८२ टक्के. तक्त्याच्या उत्तराशी इतके जवळ आले नाही तर कुठेतरी गुणोत्तर एका बाजूला राहून गेले आहे, असे खुशाल समजावे.

या हिशेबात पुढच्या चार वर्षांच्या महागाईचा अंदाज कुठेच लागला नाही, आणि या रोख्याचे सगळे मोल तिथेच आहे. सोंगणीची मजुरी धान्यात घेणारा मजूर पुढच्या महिन्यात ज्वारीचा भाव काय निघेल हे विचारत नाही, किती पायल्या मिळणार एवढेच ठरवून घेतो. तसेच इथे परतावा वस्तूंच्या मापाने आधीच ठरलेला असतो. रुपयांत किती मिळतील हे मात्र कुणालाही आधी सांगता येत नाही. महागाई सहा टक्के राहिली तर रुपयांतला परतावा नऊ टक्के पडेल, दोन राहिली तर पाचापेक्षा थोडा कमी. ठेवीत नेमके याच्या उलट घडते, तिथे रुपये ठरलेले आणि वस्तू अनिश्चित.

मग असा रोखा भारतात निघाला नव्हता का? निघाला होता, आणि तो कसा वाया गेला हे नीट पाहिल्याशिवाय नवा मागण्यात अर्थ नाही. १९९७ साली मुद्दलापुरते संरक्षण देणारा एक रोखा आला होता. खऱ्या अर्थाने मुद्दल आणि व्याज दोन्हीला महागाई लावणारा रोखा रिझर्व्ह बँकेने जून २०१३ मध्ये लिलावात काढला. मुदत दहा वर्षे, खरा दर १.४४ टक्के. पण तो बांधला होता घाऊक किंमत निर्देशांकाला. त्या निर्देशांकात जवळजवळ दोन तृतीयांश वजन कारखान्यात तयार झालेल्या मालाचे. घरभाडे, शाळेची फी, दवाखाना, एसटीचे तिकीट यांना त्यात जागाच नाही.

परिणाम लवकर दिसला. २०१४ च्या मध्यानंतर खनिज तेल कोसळले. धातू, रसायने, इंधन सगळे उतरले आणि २०१५ साली घाऊक महागाईचा दर वर्षभर उणे राहिला. त्याच वर्षी ग्राहक किमतींची महागाई साधारण पावणेचार ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात होती, आणि दिवाळीच्या आधी तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. तूर पिकवणाऱ्या यवतमाळ-अमरावतीतही घरात डाळ विकतच आणावी लागते, कारण शेतकऱ्याने तूर काढल्या काढल्या विकलेली असते. घरातले पोते संपले की तोही दुकानाच्या ओळीत. महागाईपासून वाचवण्यासाठी घेतलेल्या रोख्याचे मुद्दल त्या वर्षी घटत होते आणि त्यावर मोजले जाणारे व्याजही.

दहा वर्षांचा एकूण हिशेब पाहा. २०१३ ते २०२३ मध्ये घाऊक निर्देशांक साधारण ३५ ते ४० टक्के वाढला, ग्राहक निर्देशांक ६० टक्क्यांहून अधिक. म्हणजे घाऊक मापाने १.४४ टक्के खरा परतावा मिळालेल्या माणसाला ग्राहक मापाने जवळपास काहीच मिळाले नाही, थोडे कमीच झाले. 'खरा परतावा' हा शब्द ज्या निर्देशांकाला रोखा बांधला आहे त्या निर्देशांकापुरताच खरा असतो. रोखा घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो दर किती हा नव्हे, कोणता निर्देशांक हा.

या रोख्यात एक तळाची हमीही होती. मुदतीअखेर निर्देशांक मूळ आकड्याच्या खाली गेला तरी दर्शनी किंमत परत मिळणार. पण ती हमी फक्त शेवटच्या दिवसाची आणि फक्त मूळ दर्शनी किमतीची असते. गुणोत्तर १.३० झाल्यावर ज्याने रोखा घेतला, त्याच्यासाठी ती हमी दर शंभर दर्शनी रुपयांमागे तीस रुपये खाली उभी आहे. मधे भाव उतरले तर त्याला तिचा आधार नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये सामान्य बचतदारांसाठी दुसरा प्रकार आला. तो ग्राहक निर्देशांकाला बांधलेला होता, महागाईवर दीड टक्का, किमान पाच हजार रुपये. निर्देशांक योग्य, पण व्याज हातात येत नव्हते, ते दहा वर्षे साठत जाऊन शेवटी मिळणार होते. करात खास सवलत नव्हती. बँका तेव्हा नऊ टक्क्यांच्या आसपास देत होत्या. प्रतिसाद थंड राहिला. पुढे महागाई उतरली, त्यामुळे नऊ टक्क्यांत लांब मुदतीची ठेव केलेल्यांना जास्तच मिळाले, हेही मान्य करायला हवे. पण त्यावरून लोकांना असला रोखा नकोच, असा निष्कर्ष काढून वाट सोडून देणे चूक होते. ज्याला घर चालवायला सहा महिन्यांनी पैसे लागतात त्याच्यापुढे दहा वर्षे बंद पेटी ठेवली, तर तो ती घेणार नाही.

म्हणून मुद्दल-वाढीचा प्रकार हवा. त्यात व्याज दर सहा महिन्यांनी येते आणि मुद्दल वेगळे वाढत राहते. इथे काकांची खरी अडचण मी टाळत नाही. ७० हजारांची सवय असलेल्या घराला पहिल्या वर्षी सोळा हजारांत कसे भागेल? पूर्ण रक्कम या रोख्यात घालणे त्यांच्यासाठी योग्यही नाही. निम्मी ठेवीत, निम्मी रोख्यात, असे केले तर ठेवीचे व्याज आजच्या खर्चाला आधार देईल आणि दहा वर्षांनी, ठेवीची ताकद जवळपास निम्म्यावर आली असताना, रोख्याचे मुद्दल शाबूत असेल. शिवाय रोख्याचे वाढलेले मुद्दल दरवर्षी थोडे मोडून घेण्याची सोय सरकार देऊ शकते. मग तो माणूस मुद्दल खातो आहे हे त्याला पावतीवर दिसेल. आज ठेवीत तो तेच करतो आणि त्याला दिसत नाही.

निर्देशांक कोणता? माझे मत ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांकाला. २०१२ हे आधार वर्ष असलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचे वजन शहरी निर्देशांकात ३६ टक्के होते, ग्रामीणमध्ये ५४. एवढ्या फरकाने डाळ-तेल-भाजी महागल्याचा परिणाम दोन घरांवर वेगळा होतो. ग्रामीण निर्देशांकही विदर्भाचा नसतो, देशाचा असतो, आणि सेवाग्राम किंवा नागपूरला रुग्ण नेण्याचा गाडीखर्च, मुलाची शहरातली खोली हे खर्च त्यात एखाद्या घराला लागतात तेवढ्या प्रमाणात कधीच उतरणार नाहीत. जिल्ह्याजिल्ह्याचा निर्देशांक मात्र मी मागणार नाही. छोट्या नमुन्यावरचा आकडा महिन्यामहिन्याला उड्या मारतो आणि त्यावर पैशाचा करार उभा करणे धोक्याचे आहे.

सरकारवर बोजा पडेल, असा आक्षेप येतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकावर ठरतो. मनरेगाची मजुरी वर्षानुवर्षे शेतमजुरांच्या निर्देशांकाप्रमाणे वाढवली गेली. निर्देशांकाला बांधून घेणे सरकारला नवे नाही. महागाई वाढली की जीएसटीसारख्या करांचे रुपयांतले उत्पन्नही वाढते, म्हणजे देणे वाढते तेव्हा जमाही वाढते. महागाई आटोक्यात राहिली तर उलट हा रोखा सरकारला साध्या कर्जापेक्षा स्वस्त पडतो. बोजा पडतो तो महागाई हाताबाहेर गेली तरच, आणि त्या वेळी तो भार जमीन देणाऱ्याने उचलावा की सरकारने, हाच खरा प्रश्न आहे. माझे उत्तर सरकारने.

कराची गाठ मात्र सोडवावी लागेल. वाढलेल्या मुद्दलावर व्याजासारखा कर लावला तर संरक्षण नेमके गरजेच्या वेळी गळते. वीस टक्के कर भरणाऱ्याचे पाहा. महागाई सहा असताना त्याला एकूण साडेसात मिळाले, दीड करात गेले, सहा उरले, खरा परतावा शून्य. महागाई दहा झाली तर साडेअकरातले २.३ गेले, ९.२ उरले, आणि तो पाऊण टक्क्याच्या आसपास तोट्यात. महागाई जितकी जास्त तितका तोटा जास्त. महागाईपुरती वाढ ही कमाई नाही, तिच्यावर कर नको, कर फक्त कूपनवर असावा.

विक्रीची जागाही महत्त्वाची. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट संकेतस्थळावर सामान्य माणसाला सरकारी रोखे घेता येतात, पण झरी-जामणीतला मोबदला घेतलेला माणूस तिथे आपणहून पोचणार नाही. मोबदला ज्या बँकेत जमा होतो त्याच शाखेत आणि पोस्टात हा रोखा मिळावा. दर मोठ्या लिलावात ठरावा आणि गावच्या बचतदाराला तोच मिळावा. मुदतीआधी पैसे लागले तर सरकारने त्या दिवशीच्या गुणोत्तराने परत घ्यावा, कारण अशा रोख्यांचा बाजार पातळ असतो आणि पातळ बाजारातला ९५ हा भाव दोन जणांच्या व्यवहारातून आलेला असू शकतो. आणि पावतीवर चार गोष्टी मराठीत छापाव्यात: कोणता निर्देशांक, आजचे गुणोत्तर, आजचे मुद्दल, आणि आज घेतलेल्या भावाला मुदतीपर्यंतचा खरा परतावा. काकांनी विचारलेला प्रश्न मग काउंटरवरच सुटेल, त्यासाठी कुठल्या गुरुजीच्या घरी यावे लागणार नाही.